बत्तिसाव्या आठवड्यात एफएल ५६ मिमी: हाड लहान आहे की माप?

प्रश्न: मला ३२ आठवडे पूर्ण झाले. कालच्या सोनोग्राफीत डोकं आणि पोट ३२ आठवड्यांचं आलं (एचसी २९०, एसी २७५), पण एफएल ५६ मिमी, म्हणजे २९ आठवडे ३ दिवस. विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये एफएल ३० मिमी होतं. डॉक्टर म्हणाले "बघू पुढच्या वेळी". माझी उंची १५० सेंमी, मिस्टरांची १६३. बाळाचे पाय आखूड राहतील का? जन्माच्या वेळी लांबी किती असेल, हे यावरून कळतं का?

उत्तर:

बाळाच्या मांडीच्या हाडाचं ५६ हे माप लहानाकडे झुकलेलं आहे, पण ज्याला आम्ही आखूड म्हणतो त्या रेषेच्या ते वरच आहे. जन्माच्या वेळची लांबी आज विचारलीत तर मी ४७ सेंमीच्या आसपास म्हणेन, आणि दोन सेंमी इकडेतिकडे धरायला सांगेन. मूल मोठेपणी किती उंच होईल याच्याशी या आकड्याचा संबंध फार थोडा आहे. तुमच्या डॉक्टरांचं "बघू" हे टाळाटाळीचं उत्तर नाही. या मापाचा अर्थ खरोखरच पुढच्या मापाशिवाय लागत नाही. मी गेली पुष्कळ वर्षं गरोदरपणातल्या सोनोग्राफी करतो आणि "एफएल मागे आहे" हे वाक्य घेऊन येणारं जोडपं आठवड्याला एखादं तरी असतंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एफएल म्हणजे बाळाच्या पायाची लांबी नव्हे, आणि मांडीच्या हाडाचीही पूर्ण लांबी नव्हे. बाळाचं मांडीचं हाड मधल्या दांड्यापुरतं कडक झालेलं असतं. खुब्याकडचं आणि गुडघ्याकडचं टोक अजून कूर्चेचं, म्हणजे मऊ असतं. सोनोग्राफीत कडक भाग पांढरा ठसठशीत दिसतो, कूर्चा करडी, जवळजवळ काळी दिसते. आम्ही मोजतो तो फक्त पांढरा दांडा. गुडघ्याकडच्या कूर्चेत ३२-३३ आठवड्यांच्या सुमारास एक छोटा पांढरा ठिपका उमटायला लागतो, तिथे नवीन हाड बनत असतं. तो ठिपका दांड्यापासून सुटा असतो आणि मापात धरायचा नसतो. म्हणजे ५६ मिमी हा आकडा एका हाडाच्या मधल्या तुकड्याचा आहे, आणि तोही चालत्याफिरत्या बाळाचा, पोटाच्या भिंतीपलीकडून घेतलेला.

आता "२९ आठवडे ३ दिवस" कुठून आले ते बघू. ते बाळाने सांगितलं नाही, मशीनने भाषांतर करून सांगितलं. बहुतेक मशीनमध्ये हॅडलॉक आणि सहकाऱ्यांचं १९८४ चं सूत्र बसवलेलं असतं, लांबी सेंटीमीटरमध्ये घालायची की आठवडे मिळतात:

GA = 10.35 + 2.460 × FL + 0.170 × FL²

५.६ घालून बघा, २९.४६ येतं, म्हणजे २९ आठवडे ३ दिवस. हे सूत्र मुळात उलट्या कामासाठी केलं होतं. जिला पाळीची तारीख आठवत नाही, तिचे किती दिवस गेलेत याचा अंदाज घेण्यासाठी. तुमचे दिवस जर पहिल्या तीन महिन्यांतल्या स्कॅनवरून, बाळाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या मापावरून (सीआरएल) ठरले असतील, तर ते ठरले. नंतर मांडीच्या हाडाला ते बदलायचा अधिकार नाही. तरी मशीन प्रत्येक रिपोर्टवर नवी ड्यू डेट छापतंच, आणि घरी तीन रिपोर्टवर तीन तारखा बघून गोंधळ उडतो. पहिली धरा, बाकीच्या दोन विसरून जा.

या भाषांतरात एक फसवणूकही आहे. "अडीच आठवडे मागे" हे शब्द ऐकून पोटात गोळा येतो, पण वाढत्या दिवसांबरोबर हाड वाढण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे एकेका मिलिमीटरला जास्त दिवस चिकटतात. वरच्याच सूत्रावरून काढलं तर विसाव्या आठवड्यात हाड आठवड्याला जवळजवळ तीन मिमी वाढतं, बत्तिसाव्याच्या आसपास सव्वादोन, आणि शेवटी शेवटी दोन. म्हणजे आज तुमच्या बाबतीत एक मिमीचा फरक म्हणजे तीन दिवस. एकाच बाळाचं माप दोन माणसांनी लागोपाठ घेतलं तर दोन मिमीचा फरक सहज पडतो, म्हणजे सहा दिवस तिथेच गेले. म्हणून शेवटच्या तिमाहीत आठवड्यांची भाषा मी पेशंटशी बोलतच नाही. त्याच दिवसांच्या शंभर निरोगी बाळांना लहान-मोठं लावून उभं केलं तर तुमचं बाळ कितवं, असं बोलतो. त्याला सेंटाइल म्हणतात.

ही शंभर बाळं कोणाची, हाही प्रश्न आहे. हॅडलॉकची बाळं टेक्सासमधल्या ह्यूस्टनची होती. २०१४ मध्ये इंटरग्रोथ-२१ या अभ्यासाचे तक्ते आले. आठ देशांतल्या निरोगी, बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या बायकांची बाळं चौदाव्या आठवड्यापासून दर पाच आठवड्यांनी मोजून ते केले, आणि त्या आठ ठिकाणांत भारतातलं ठिकाण होतं आपलं नागपूर. त्या तक्त्यात ३२ आठवड्यांना मधलं माप साडे-एकोणसाठ मिमीच्या जवळ आहे. हॅडलॉकच्या सूत्रातून ३२ आठवडे यायला जवळजवळ ६२ लागतं. म्हणजे तुमच्या बाळाने काहीही न करता, नुसता तक्ता बदलल्यावर दोन-सव्वादोन मिमीची तूट कमी झाली. याचं एक कारण जुन्या मशीनमध्येही आहे. त्यांचा ध्वनीचा झोत रुंद असायचा, त्यामुळे आडव्या हाडाची टोकं थोडी पसरून दिसत आणि माप किंचित जास्त येई.

इंटरग्रोथच्या तक्त्यावर ३२ आठवड्यांना ५६ म्हणजे सातवं सेंटाइल. शंभरात सातवं, खालून. आखूड हाड म्हणून पुढच्या तपासण्यांचा विचार आम्ही साधारण तिसऱ्या सेंटाइलच्या खाली सुरू करतो, तिथे ३२ आठवड्यांना ५५ मिमी येतं. तुम्ही रेषेच्या जवळ आहात, पण वर आहात. आणि एक बारीक गोष्ट: त्या अभ्यासात १५३ सेंमीपेक्षा कमी उंचीच्या बायका घेतल्याच नव्हत्या. तुमची उंची १५०. म्हणजे ज्यांच्या बाळांशी तुमच्या बाळाची तुलना चालली आहे त्यांच्यात तुम्हाला प्रवेशच मिळाला नसता. त्यामुळे तुमचं बाळ खालच्या अंगाला बसलं तर मला नवल वाटत नाही.

आता माप कसं चुकतं. हा माझ्या रोजच्या कामाचा भाग असल्याने इथे थोडं रेंगाळतो.

सोनोग्राफी म्हणजे पावाची स्लाइस कापल्यासारखं असतं. प्रोब जिथे टेकवला त्याच्या खालची पातळशी एक चकती पडद्यावर येते. मांडीचं हाड त्या चकतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सापडलं तर खरं माप येतं. चकती हाडाला तिरकी गेली तर हाडाचा तुकडाच दिसतो. आणि तिरक्या कापाने हाड कधी लांब दिसत नाही, नेहमी आखूडच दिसतं. म्हणूनच "एफएल मागे" म्हणून आलेल्या चुकीच्या रिपोर्टांत कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

चांगली इमेज ओळखायची कशी, तर हाड पडद्यावर आडवं किंवा थोडं कललेलं हवं, ध्वनीच्या झोताशी ४५ ते ९० अंशांत. निम्म्याहून जास्त पडदा त्याने व्यापलेला हवा. दोन्ही टोकं बोथट, स्पष्ट कापल्यासारखी हवीत आणि दोन्हीकडे टोकापलीकडचा मऊ भाग दिसायला हवा. हाडाखाली एकसारखी काळी सावली पडते, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड हवी. एक टोक धुरात विरून गेल्यासारखं निमुळतं होत असेल तर समजायचं की चकती तिथून बाहेर पडली, हाड अजून पुढे आहे. उभं, म्हणजे प्रोबच्या दिशेने धरलेलं हाड मोजूच नये. त्याची टोकं नीट परत येत नाहीत.

वरची मांडी मोजायची, हाही नियम आहे. प्रोबकडच्या मांडीच्या हाडाची बाहेरची बाजू समोर येते, ती सरळ दिसते. पलीकडच्या हाडाची आतली बाजू दिसते, ती थोडी वाकलेली असते. नवशिका सोनोलॉजिस्ट ते बघून "हाड वाकलंय" असं लिहून बसतो, मग पुढचे चार दिवस त्या घरात कोणी जेवत नाही.

मागे तालुक्याच्या गावाहून ३४ आठवड्यांची एक बाई आली होती. रिपोर्टमध्ये एफएल तीन आठवडे मागे, खाली "हाडांच्या विकाराची शक्यता" असं ठळक अक्षरात. सोबत सासरे, नवरा, भाऊ. बाळ पायाळू होतं आणि मांड्या पोटाशी घेऊन बसलं होतं, हाड जवळजवळ उभं. मीही पहिल्या झटक्यात मोजलं तर ५९ आलं. एक टोक पुसट होतं. तिला डाव्या कुशीवर वळवलं, पाच मिनिटं गप्पा मारल्या, प्रोब बाजूने लावून हळूहळू फिरवत गेलो, एका क्षणी हाड आडवं झालं आणि दोन्ही टोकं टक्क उभी राहिली. ६३. परत दोनदा घेतलं, ६२ आणि ६३. चार मिमीची भर पडली, म्हणजे मशीनच्या भाषेत बारा-तेरा दिवस. त्या सगळ्या काळजीचं मूळ त्या पुसट टोकात होतं. पहिल्या रिपोर्टवाल्याला मी दोष देत नाही, दुपारच्या गर्दीत तिसाव्या पेशंटला पायाळू बाळ भेटलं की माझाही धीर सुटतो.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त घातक. गुडघ्याकडच्या टोकाला कधीकधी दांड्यापुढे एक टोकदार, त्रिकोणी पांढरी रेघ दिसते. ती हाड नसते. त्यात किंवा त्या कूर्चेतल्या ठिपक्यात कॅलिपर नेऊन ठेवला की दोन-तीन मिमी फुकट मिळतात, आणि खरोखर आखूड असलेलं हाड नॉर्मल छापून जातं. आकडा लहान आला की सगळे परत मोजतात, चांगला आला की कोणी मोजत नाही. त्यामुळे ही चूक सापडतच नाही.

आता तुमच्या दोन मापांकडे. विसाव्या आठवड्यातलं ३० मिमी म्हणजे त्या वेळचं साधारण तेविसावं सेंटाइल (मधलं माप ३१ च्या थोडं वर असतं). आज सातवं. हाड खाली घसरतंय का? कागदावर थोडं हो. पण ५६ च्या जागी खरं माप ५७ असेल तर तेच बाळ पंधराव्या सेंटाइलवर जातं, आणि ५८ असेल तर सत्तावीसाव्यावर. एका मापाच्या चुकीत ही सगळी घसरण मावते. दोन बिंदूंतून रेघ काढता येते, पण त्यातला एक बिंदू दोन मिमी हलणारा असेल तर त्या रेघेवर भरवसा कशाला ठेवायचा. तिसरा बिंदू लागतो, आणि तो तीन आठवड्यांनी. दोन आठवड्यांच्या आत परत मोजण्यात अर्थ नाही, तेवढ्या वेळात होणारी वाढ आणि मोजण्यातली चूक दोन्ही सारख्याच मापाच्या असतात. काही घरी काळजीपोटी दर आठवड्याला वेगवेगळ्या सेंटरला स्कॅन करतात आणि "गेल्या आठवड्यात ५६, आज ५५, बाळाचं हाड कमी झालं" म्हणून रडत येतात. हाड कमी होत नाही.

या मापाच्या शेजारचं माप जास्त महत्त्वाचं, ते म्हणजे पोट. तुमच्या बाळाचं पोट २७५. एफएलला एसीने भागलं तर ०.२०. एकविसाव्या आठवड्यानंतर हे प्रमाण ०.२० ते ०.२४ च्या दरम्यान राहतं, तुमचं खालच्या काठाला पण आत आहे. याचा उपयोग असा. वारेतून बाळाला रक्त कमी मिळत असेल तर पहिला मार पोटाला बसतो, कारण यकृतातला साठा संपतो. मग पोटही मागे पडतं. तुमचं पोट दिवसांप्रमाणे आहे, ही चांगली बातमी. तरीही एक सांगून ठेवतो: काही बाळांत आधी नुसतं एफएल लहान दिसतं आणि काही आठवड्यांनी पोट मागे पडायला लागतं. म्हणून पुढच्या वेळी नाळेतला रक्तप्रवाह बघणारा डॉप्लर करून घ्यायला तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल. तुमचं बीपी वाढलेलं असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर मात्र तीन आठवडे थांबू नका.

दुसरी भीती हाडांच्या विकाराची. इंटरनेटवर वाचून लोक येतात ते बहुतेक याच भीतीने. यातले गंभीर विकार बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत लपून राहत नाहीत. विसाव्या आठवड्यातच हाड फार आखूड असतं, छाती अरुंद असते, एफएल-एसीचं प्रमाण ०.१६ च्या खाली जातं. उशिरा उघड होणारा नेहमीचा विकार म्हणजे अॅकोन्ड्रोप्लेसिया. त्यात विसाव्या आठवड्याचं माप अगदी ठीक असतं, चोविसाव्या आठवड्यानंतर रेघ वाकू लागते आणि शेवटच्या तिमाहीत सरळ तिसऱ्या सेंटाइलच्या खाली उतरते, डोकं मात्र मोठ्या बाजूला जातं. दहापैकी आठ बाळांत तो आई-वडिलांकडून आलेला नसतो, नव्याने झालेल्या बदलामुळे होतो. तुमची रेघ थोडी वाकलेली वाटते म्हणूनच तिसरं माप हवं, एवढाच त्याचा संबंध. डोकं तुमचं दिवसांप्रमाणे आहे.

इथे एक साधी युक्ती आहे जी मला फार आवडते: तळपाय मोजायचा. टाचेपासून बोटापर्यंतची लांबी आणि मांडीच्या दांड्याची लांबी बाळात जवळपास सारखी असते. बाळ एकूणच छोट्या चणीचं असेल तर दोन्ही सोबत लहान राहतात. हाडाचा विकार असेल तर तळपाय साधारण नेहमीसारखा राहतो आणि मांडी मागे पडते, प्रमाण ०.८७ च्या खाली जातं. तुमचं एफएल ५६ आहे, तळपाय ६० आला तर ०.९३, निश्चिंत. तळपाय ६५ च्या पुढे गेला तर मी सोबतची बाकी हाडं, बोटं, कपाळ नीट बघेन. सगळ्या सेंटरमध्ये हे आपणहून मोजत नाहीत, पण सांगितलं तर मिनिटभराचं काम आहे.

आता जन्माच्या वेळची लांबी. १९८४ मध्ये व्हिन्टझिलिओस आणि सहकाऱ्यांनी एक सूत्र दिलं. एफएल मिमीमध्ये घालायचं, डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी सेंमीमध्ये मिळते:

CHL = 6.18 + 0.59 × FL

लोक काय करतात, यात आजचं ५६ घालतात. ३९ सेंमी येतं, आणि घाबरतात. ती आजची लांबी आहे, जन्माची नव्हे! सूत्रात बाळंतपणाच्या जवळपास घेतलेलं माप हवं. तुमचं बाळ आजच्याच सेंटाइलवर चालत राहिलं तर एकोणचाळिसाव्या आठवड्यात एफएल ६६ च्या थोडं पुढे असेल. ते घातलं तर साडेपंचेचाळीस सेंमी येतात. लेबर रूममध्ये चालणारा "एफएल गुणिले सात" हा अडाणी हिशोब लावला तर साडेशेहेचाळीस. दोन हिशोब, एक सेंमीचा फरक, आणि खरं बाळ अजून मोजलंच नाही.

मी दोन्हीपेक्षा थोडं जास्त, ४७ का म्हटलं? कारण मांडीचं हाड उंचीचा एक भाग आहे. बाकी धड, मान, डोकं, पोटऱ्या यांचा कल आपापला असतो. हाडात खालून सातवं असणारं बाळ एकूण लांबीत खालून सातवंच असेल असं होत नाही, बहुधा ते मधल्याच्या थोडं जवळ सरकतं. त्यात तुमचं आजचं ५६ हे थोडं कमी मोजलेलं असण्याचीही शक्यता आहे.

आणि हा सगळा खटाटोप मुळात किती कामाचा, तेही ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दिवस भरून जन्मलेल्या मुलाची मधली लांबी ४९.९ सेंमी, मुलीची ४९.१, आणि तीनपैकी दोन बाळं त्याच्या दोन सेंमी आत बसतात. म्हणजे सोनोग्राफी न करता डोळे मिटून "पन्नास" म्हणणारी आजीही तीनपैकी दोनदा दोन सेंमीच्या आत बरोबर येते. मोजण्यातल्या दोन मिमीच्या चुकीला सूत्रातच एक सेंमीपेक्षा जास्त किंमत पडते, त्यावर शरीराच्या ठेवणीचा फरक. मधल्या मापाच्या बाळांत एफएल आजीपेक्षा फार पुढे जात नाही. तक्त्याच्या टोकाला असलेल्या बाळांत ते थोडी दिशा दाखवतं, तेवढंच. मुलगा-मुलगी यांतला पाऊण सेंमीचा फरकही आम्हाला हिशोबात घेता येत नाही, कारण पीसीपीएनडीटी कायद्याने लिंग सांगणं गुन्हा आहे. ते बरंच आहे.

गंमत म्हणजे ज्या आकड्याशी आमचा अंदाज ताडून बघायचा, तोही कच्चा असतो. नवजात बाळ पाय आखडून झोपतं. नीट मोजायचं तर फळीचं मोजमाप-यंत्र लागतं, एकाने डोकं वरच्या पट्टीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि तळव्यांना सरकती पट्टी लावायची. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी एकटी नर्स रडत्या बाळाच्या अंगावरून शिवणाची टेप फिरवते. त्यात एक-दोन सेंमी कुठेही जातात. कार्डावर ४५ लिहून आलं आणि काळजी वाटली, तर दुसऱ्या दिवशी दोघांकडून फळीवर परत मोजून घ्या.

मोठेपणच्या उंचीबद्दल एवढंच, की जन्माची लांबी बरीचशी गर्भाशयाने आणि वारेने ठरवलेली असते. आई-वडिलांकडून आलेली उंची पहिल्या दोन वर्षांत हळूहळू वर येते, त्या काळात बाळं तक्त्यावर वरखाली सरकून आपापली जागा घेतात. तुम्ही १५०, मिस्टर १६३, त्यावरून जो अंदाज निघेल तो एफएलपेक्षा भरवशाचा.

तर आता ३५ व्या आठवड्याचा स्कॅन. शक्यतो त्याच मशीनवर, त्याच माणसाकडे करा. पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट, विसाव्या आठवड्याचा आणि कालचा, तिन्ही बरोबर न्या. एफएल तीनदा मोजायला सांगा. बाळ सातव्या सेंटाइलवरच चालत असेल तर ६१ च्या आसपास येईल, तीन आठवड्यांत पाच मिमी. तेवढं आलं आणि पोटही पुढे गेलेलं असेल तर बाळ आपल्या चणीने वाढतंय. ६३ आलं तर कालचं माप कमी घेतलं गेलं होतं. ६० च्या खाली आलं, तर आधी इमेज मागून बघा, दोन्ही टोकं बोथट आहेत का आणि खालची सावली अखंड आहे का. ती इमेज चांगली असेल, तर मग तळपाय, डॉप्लर आणि फीटल मेडिसिनवाल्यांची भेट, याच क्रमाने.